ओला धागा कुठे तुटतो?

कापड सुती आहे की नाही हे पाहायचं असेल तर एक धागा काढून जाळून पाहा, असा सल्ला बऱ्याच घरांत दिला जातो. पॉलिएस्टर ओळखायला तो पुरेसा आहे. पॉलिएस्टर आधी आक्रसतं, वितळतं, थेंब थेंब गळतं आणि थंड झाल्यावर काळी कडक गोळी मागे राहते. पण ज्या दोन कापडांची अदलाबदल आज बाजारात सर्वांत जास्त होते, ती या परीक्षेत सारखीच जळतात. सूत आणि रेयॉन दोन्ही कागदासारखी भुरभुर पेटतात, दोन्हींना कागद जळल्याचा वास येतो आणि दोन्हींची मऊ राखाडी राख होते. यात नवल नाही, कारण दोन्ही मुळात एकच पदार्थ आहेत. सूत म्हणजे कापसाच्या बोंडात वाढलेलं सेल्युलोज. रेयॉन, म्हणजे व्हिस्कोस, हे बहुतेक वेळा लाकडाच्या लगद्यातलं सेल्युलोज रसायनांत विरघळवून बारीक छिद्रांतून ओढून पुन्हा घट्ट केलेलं असतं. जाळून फक्त पदार्थ कळतो, त्याची घडण कळत नाही.

मात्र शिवणाऱ्याला आणि वापरणाऱ्याला घडणीचाच फरक सोसावा लागतो. सुती समजून शिवलेला रेयॉनचा कुर्ता पहिल्या धुण्यात आखडतो. ओला असताना जोरात पिळला तर शिवणीजवळ उसवतो. दोरीवर निथळत ठेवला तर स्वतःच्या वजनाने लांबतो. म्हणून कापड कात्रीखाली जाण्याआधी ते काय आहे हे कळायला हवं, आणि त्यासाठी हात, डबा, पाण्याचा थेंब आणि थोडा वेळ एवढं पुरतं.

उदाहरणासाठी माझ्या मैत्रिणीचं कापड घेते. कटपीसच्या दुकानातून तिने तीन मीटर कापड आणलं होतं. गडद निळ्या जमिनीवर पांढरी बारीक फुलं, पन्हा ४४ इंच. दुकानदार म्हणाला होता, “प्युअर कॉटन आहे ताई, बिनधास्त घ्या.” पूर्ण ताग्याच्या किनारीवर कापड कशाचं आहे ते पुष्कळदा छापलेलं असतं, पण कटपीसमध्ये तो तुकडा क्वचितच येतो. तिला अडीच मीटरचा कुर्ता शिवायचा होता, त्यामुळे परीक्षेला थोडं कापड हाताशी होतं.

आधी वजन घेतलं. तीन मीटर लांब आणि ४४ इंच, म्हणजे सुमारे १.१२ मीटर रुंद, म्हणजे ३.३६ चौरस मीटर. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ते ४७० ग्रॅम भरलं, म्हणजे चौरस मीटरला साधारण १४० ग्रॅम. एवढ्यावरून कापड कशाचं हे ठरत नाही. पण तुलनेसाठी साधारण त्याच वजनाचं कापड घेतलं नाही तर पुढच्या सगळ्या परीक्षा फसतात. मलमल आणि चादरीचं कापड दोन्ही सुतीच असतात, तरी हाताला ती एकमेकांची कोणीच लागत नाहीत. म्हणून टेलरकडून तीन चिंध्या मागून घ्याव्यात: एक खात्रीचं सुती पॉपलिन, एक खात्रीचं रेयॉन आणि एक पॉलिएस्टर. त्यांच्यावर नावं लिहून ठेवावीत. ज्यांना कापड नुसतं चाचपून ओळखता येतं, त्यांच्या बोटांत वर्षानुवर्षं हाताळलेल्या हजारो चिंध्या साठलेल्या असतात. आपल्याला तीन पुरतात.

मग कापड धुवायचं. ही पायरी वगळली तर पुढचं सगळं वाया जातं, कारण नव्या कापडावर हात फिरवताना आपण तंतू चाचपत नसतो, त्यावर चढवलेलं काहीतरी चाचपत असतो. हलक्या सुती कापडाला खळ देऊन भारदस्त करतात, तर रेयॉन आणि पॉलिएस्टरला सिलिकॉन लावून मऊ करतात. कोऱ्या मांजरपाटावर तर कापसाचं नैसर्गिक मेण तसंच असतं. त्यावर टाकलेला पाण्याचा थेंब मोत्यासारखा उभा राहतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, हे सुती असूच शकत नाही. म्हणून कापडाची लांबी मोजायची, कोमट पाण्यात साधी पावडर घालून ते धुवायचं, दोनतीनदा खंगाळायचं, मऊपणासाठी घालतात ते द्रावण घालायचं नाही, आणि सावलीत वाळवायचं. वाळल्यावर ते काही तास तुलनेच्या चिंध्यांबरोबर एकाच खोलीत राहू द्यावं, कारण हवेतला ओलावाही यात भाग घेतो. आपल्याकडच्या प्रयोगशाळा २७ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता ठेवून कापड तपासतात ते याचसाठी. मुंबईच्या जुलैत आणि नागपूरच्या मे महिन्यात एकच सुती कापड वेगळं चुरगळतं. घरात ही स्थिती नेमकी राखता येत नाही, पण सगळे तुकडे एकाच हवेत ठेवले की तुलना खरी राहते.

मैत्रिणीचं कापड धुऊन वाळल्यावर २ मीटर ८६ सेंटिमीटर भरलं. १४ सेंटिमीटर गेलं होतं. सुती कापडही आखडतं, त्यामुळे तेवढ्यावर काही ठरवलं नाही.

आता हात. बोटांच्या टोकांपेक्षा हाताची मागची बाजू किंवा गाल जास्त खरं सांगतात, कारण तिथली कातडी रापलेली नसते. डोळे मिटून आधी अनोळखी कापड, मग एकेक चिंधी लावून पाहायची. निळं कापड गार, गुळगुळीत आणि अंगाने जड लागलं. पॉपलिनची चिंधी त्यापुढे कोरडी आणि किंचित खरखरीत वाटत होती. पॉलिएस्टर सुळसुळीत होतं, आणि दोन बोटांत घासलं की हलकी चिरचिर जाणवत होती. गारव्याला मात्र फार महत्त्व देऊ नये. कापडाला हात लागला की हाताची ऊब त्यात शिरते. जितकं गुळगुळीत कापड तितकी त्याची जास्त जागा कातडीला टेकते आणि तितकं ते गार वाटतं. म्हणून पॉलिएस्टरचं सॅटिनसुद्धा पहिल्या स्पर्शाला गार लागतं. स्पर्शावरून मनात एक संशय धरायचा, निकाल द्यायचा नाही.

कापड कसं पडतं हे त्याहून जास्त सांगतं. वस्त्रोद्योगाच्या प्रयोगशाळांत यासाठी एक सोपं उपकरण असतं. १८ सेंटिमीटर व्यासाच्या गोल चकतीवर ३० सेंटिमीटर व्यासाचा कापडाचा गोल तुकडा मधोमध ठेवतात आणि कडेने लोंबणाऱ्या कापडाची सावली मोजतात. ताठ कापडाची सावली मोठी पडते, लोंबत्या कापडाची लहान. घरी पालथा घातलेला साधारण त्याच मापाचा डबा चकतीचं काम करतो. निळ्या कापडाचा गोल तुकडा डब्यावर ठेवला तेव्हा त्याच्या अरुंद, खोल झालरी पडल्या आणि त्या डब्याच्या अंगाला जवळजवळ चिकटून उभ्या राहिल्या. त्याच वजनाच्या पॉपलिनच्या झालरी थोड्या होत्या, रुंद होत्या आणि बाहेर फाकलेल्या होत्या. रेयॉनचा तंतू वाकायला सोपा असतो आणि त्याचं कापड स्वतःच्या भाराने खाली ओढलं जातं. कुर्त्या आणि घेरदार स्कर्टसाठी ते इतकं आवडतं ते यामुळेच.

कापड वाया घालवायचं नसेल तर ते मधोमध चिमटीत धरून उचलावं आणि खाली पसरलेला घेर पाहावा. पण इथेही फसायला वाव आहे. झिरझिरीत विणीचं सूत लोंबतं, पॉलिएस्टरचं जॉर्जेटही लोंबतं. म्हणजे या परीक्षेने निळं कापड पॉपलिनपासून दूर गेलं, पण ते रेयॉनच आहे असं सिद्ध झालं नाही. ते पॉलिएस्टरही असू शकत होतं.

ती शंका चुरगळून पाहिल्यावर मिटते. मुठीत आवळून सोडणं हा नेहमीचा प्रकार, पण प्रत्येकाची मूठ वेगळी, तळहाताचा घाम वेगळा. त्याऐवजी पाच सेंटिमीटर लांब आणि अडीच सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापाव्यात, काही ताण्याच्या दिशेने आणि काही आडव्या धाग्याच्या. पट्टी मधोमध दुमडून तिच्यावर एक सपाट फळी आणि दोन किलो तांदळाची पिशवी एक मिनिट ठेवायची. मग ती काढून पट्टीचं एक टोक आडवं धरायचं, दुसरं मोकळं सोडायचं आणि आणखी एक मिनिटाने घडी किती उघडली ते पाहायचं. कसलीही प्रक्रिया न झालेल्या सुती कापडात ती काटकोनाच्या आसपास येऊन थांबते, रेयॉनमध्येही साधारण तितकीच उघडते. पॉलिएस्टरची पट्टी मात्र उलगडत जवळजवळ सपाट होते.

सेल्युलोजच्या लांब रेणूसाखळ्या एकमेकींना हायड्रोजनच्या हलक्या बंधांनी धरून असतात. घडीच्या जागी ताण पडला की ते बंध तुटतात, साखळ्या सरकतात, आणि नव्या जागी तसेच बंध पुन्हा जुळतात. वाकलेला तंतू मग वाकलेल्याच अवस्थेत स्थिरावतो. ओलावा असेल तर हे आणखी सहज घडतं, आणि पाणी शिंपडून इस्त्री केल्यावर घडी जाते तीही याच वाटेने. पॉलिएस्टरच्या साखळ्या ताठ असतात, पाणी त्यांच्यात शिरत नाही, आणि ताण सुटला की त्या मागे येतात. शिवाय ते कापड कारखान्यात उष्णतेने सपाट स्थितीत बसवलेलं असतं.

निळ्या कापडाची घडी काटकोनाच्याही आत थांबली, दोन्ही दिशांना. पॉलिएस्टर बाद झालं. उलट निकाल आला असता, म्हणजे घडी सपाट झाली असती, तरी लगेच पॉलिएस्टर म्हणणं घाईचं ठरलं असतं. ‘रिंकल फ्री’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सुती शर्टांवर राळेची प्रक्रिया केलेली असते. तिचे रेणू सेल्युलोजच्या साखळ्यांमध्ये कायमचे आडवे बंध घालतात आणि सूतसुद्धा पॉलिएस्टरसारखं उलगडतं.

आता पाणी. भरतकामाच्या रिंगमध्ये कापड ताणून बसवा आणि ड्रॉपरने एक सेंटिमीटर उंचीवरून एक थेंब सोडा. थेंबावर उजेडाची चकाकी दिसते. ती नाहीशी होईपर्यंतचे सेकंद मोजा. थेंब पाच सेकंदांच्या आत शोषला गेला तर कापड चांगलं पाणी पिणारं, आणि मिनिटभर थेंब तसाच बसून राहिला तर मोजणं थांबवायचं. एकाच जागी नाही, चारपाच ठिकाणी पाहावं, कारण छपाईच्या रंगाखाली पाणी हळू शिरतं. निळ्या कापडाच्या जमिनीवर थेंब पाहता पाहता दिसेनासा झाला आणि फुलांवर थोडा रेंगाळला.

पण नुसत्या वेगावर विसंबू नये. खेळाडूंच्या पॉलिएस्टर टी-शर्टवर थेंब क्षणात मोठा पसरतो. तिथे पाणी तंतूंच्या मधल्या अरुंद वाटांनी धावत असतं, तंतूच्या आत काहीच जात नाही. म्हणून थेंबाबरोबर वजनही पाहावं. गोल तुकडा पाण्यात बुडवून पिळायचा, जाड टॉवेलात गुंडाळून घट्ट दाबायचा आणि काट्यावर ठेवायचा. तंतूंच्या मधलं पाणी टॉवेल ओढून घेतो, तंतूंच्या आतलं राहतं. प्रयोगशाळेत वेगाने फिरवून पाणी काढल्यावरही सुतात स्वतःच्या वजनाच्या साधारण निम्मं पाणी उरतं, व्हिस्कोसमध्ये जवळजवळ वजनाइतकं, आणि पॉलिएस्टरमध्ये नाममात्र. घरचा टॉवेल इतका काटेकोर नसतो, तरी क्रम हाच राहतो. आमचा १० ग्रॅमचा निळा तुकडा १९ ग्रॅम झाला. पॉपलिनचा तेवढाच तुकडा १५ वर थांबला. तोपर्यंत निळा तुकडा हाताला पुठ्ठ्यासारखा ताठ लागू लागला होता, कारण पाणी प्यालेले तंतू फुगून एकमेकांवर दाटतात. सुकं असताना लोंबणारं आणि ओलं झाल्यावर ताठरणारं कापड दिसलं की रेयॉनचा संशय बळावतो.

तरी सगळ्यांत खात्रीची परीक्षा एका धाग्याची. कापडाच्या कडेतून वीतभर लांबीचा धागा अलगद ओढून काढा. दोन्ही टोकं दोन हातांत धरा, बोट पाण्यात बुडवून धाग्याच्या फक्त मधल्या इंचभर भागाला ओल लावा. दोन्ही बाजू कोरड्या राहिल्या पाहिजेत. अर्धा मिनिट थांबा, म्हणजे पाणी आतपर्यंत जाईल. मग झटका न देता सावकाश ओढा आणि धागा कुठे तुटतो ते पाहा.

सुती धागा कोरड्या भागात तुटतो. ओला झालेला कापूस कोरड्यापेक्षा १० ते २० टक्के जास्त मजबूत असतो, म्हणून ओला भाग टिकतो आणि बाजूचा हार मानतो. व्हिस्कोसचा धागा ओल्या जागीच तुटतो, कारण भिजल्यावर त्याची जवळजवळ निम्मी ताकद जाते. पॉलिएस्टरला पाण्याचा फरक पडत नाही. तो आधी ताणला जातो आणि मग कुठेही तुटतो.

एकच पदार्थ असून हे उलट वागणं येतं ते घडणीतून. कापसाच्या तंतूतल्या साखळ्या फार लांब असतात आणि बऱ्याचशा शिस्तीत, घट्ट रचलेल्या असतात. पाणी त्या रचनेच्या मधल्या मोकळ्या जागांत शिरतं, तंतू फुगतो, आतले अडकलेले ताण मोकळे होतात आणि ओढ सगळ्या साखळ्यांवर सारखी वाटली जाते. व्हिस्कोस तयार करताना सेल्युलोज विरघळवावं लागतं, त्यात साखळ्या तुटून आखूड होतात आणि पुन्हा घट्ट होताना रचनेचा बराच भाग अस्ताव्यस्त राहतो. त्या अस्ताव्यस्त भागात पाणी भरलं की आखूड साखळ्यांना एकमेकींना धरून राहता येत नाही.

एका धाग्यावर भरवसा ठेवू नये. सुताच्या कताईत पातळ जागा असतातच, आणि अशी जागा ओल्या भागात आली तर सुती धागाही तिथेच तुटेल. म्हणून उभे पाच आणि आडवे पाच धागे तपासावेत. निळ्या कापडाचे दहाही धागे ओल्या जागी तुटले. तुटलेली टोकं भिंगाखाली पाहिली तर लहान लहान तंतू बाहेर आलेले होते, म्हणजे हे लांबलचक रेशमी धाग्याचं नसून आखूड तंतू कातून केलेलं रेयॉन होतं. कापड सुती नव्हतं.

दोन्ही दिशांचे धागे तपासायचं आणखी एक कारण आहे. काही कापडांत ताणा एका प्रकारचा आणि आडवा धागा दुसऱ्या प्रकारचा असतो. एकाच दिशेचे धागे पाहिले तर अर्धं कापड न तपासताच राहतं. इचलकरंजी आणि भिवंडीच्या मागांवर मिश्र सूतही मोठ्या प्रमाणावर विणलं जातं, आणि या सगळ्या परीक्षांची मर्यादा तिथेच समोर येते. पॉलिएस्टर आणि कापूस एकाच धाग्यात कातलेले असतील तर घडी अर्धवट उघडते, थेंब मंदपणे शिरतो, धागा कुठे तुटेल याचा नेम नाही. असा मधला, धड इकडे ना तिकडे असा निकाल वारंवार आला की कापड मिश्र आहे हे समजावं, पण किती टक्के कशाचं हे हाताने सांगता येत नाही. त्यासाठी घाटकोपरच्या बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशनसारख्या प्रयोगशाळेत तुकडा द्यावा लागतो. तिथे योग्य तीव्रतेच्या सल्फ्युरिक आम्लात कापूस विरघळवतात आणि उरलेलं पॉलिएस्टर वाळवून तोलतात. मोडाल आणि लायोसेल हीसुद्धा सेल्युलोजचीच कापडं, पण ओली असताना ती व्हिस्कोसइतकी दुबळी होत नाहीत, म्हणून धाग्याची परीक्षा त्यांच्या बाबतीत गप्प बसते. बांबूचं कापड म्हणून जे विकतात ते मात्र बहुतेक वेळा व्हिस्कोसच असतं आणि याच परीक्षेत पकडलं जातं.

मैत्रिणीने कापड परत केलं नाही. तिला ते कसं पडतं ते आवडलं होतं, आणि रेयॉन वाईट कापड नाही, फक्त त्याला रेयॉनसारखं वागवायला हवं. धुण्यात आखडून आणि डब्यावरचा तुकडा कापून तिच्याकडे अडीच मीटरपेक्षा थोडंसं जास्त उरलं होतं, कुर्त्यापुरतं. टेलरला तिने सांगितलं की कापड धुऊन दिलंय, मशीनला बारीक सुई लावा, शिवणीत माया जास्त ठेवा, आणि खालची पट्टी मोडण्याआधी कुर्ता रात्रभर हँगरला टांगून ठेवा, म्हणजे तिरक्या कापडाला जे लोंबायचं ते लोंबून घेईल. तो कुर्ता ती आता न पिळता टॉवेलात दाबते, आडवा पसरून वाळवते आणि इस्त्री सुतीच्या खुणेवर न नेता मध्यम आचेवर, उलट्या बाजूने फिरवते.